फोटो फुटतोय म्हणे!

*आमच्या गावाच्या मुंबई मंडळाची स्मरणिका निघणार आहे. मुखपृष्ठावर मी जत्रेच्या रात्री काढलेला दशावतारातल्या राजाचा फोटो घ्यायचं ठरलंय. मी तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर छापखानावाला म्हणतो, फोटो फुटतोय. मग एचडी करून पाठवला, तरी त्याचं समाधान नाही. कुणीतरी म्हणालं, ड्राइव्हवर टाक. टाकला, लिंक पाठवली, तर सेक्रेटरी म्हणतात ती उघडतच नाही, परवानगी मागते. माझ्या फोनवर मात्र मोठा करून बघितला तर राजाच्या भुवईची रेघ न् रेघ दिसते. आतल्या पानांसाठी अजून पंचवीसेक फोटो द्यायचेत. घरात रेंज नाही, सड्यावर जावं लागतं. दोष माझ्या फोनचा आहे का?*

*— एक वाचक, कुडाळ तालुका*

तुमचा फोन निर्दोष आहे, आणि छापखानावालाही खरंच बोलतोय. गफलत एवढीच की तुम्ही दोघं एकच फोटो बघत नाही आहात. तुमच्या गॅलरीत आहे ती कॅमेऱ्याने साठवलेली मूळ फाइल. त्याच्याकडे पोचली ती व्हॉट्सॲपने वाटेत नव्याने तयार केलेली, लहान केलेली वेगळी फाइल. दिसायला जुळी भावंडं, पण कागदावर चढवायची वेळ आली की फरक कळतो.

हा फरक किती, ते तुमच्याच मुखपृष्ठावर मोजू. आजचे बहुतेक फोन नेहमीच्या सेटिंगवर साधारण १२ मेगापिक्सलचा फोटो काढतात. फोन उभा धरला असेल तर तो ३००० पिक्सल रुंद आणि ४००० पिक्सल उंच असतो. स्मरणिका ए-फोर आकाराची असेल असं धरतो. चांगल्या छपाईसाठी छापखान्याला दर इंचाला ३०० पिक्सल लागतात, म्हणजे पूर्ण पानाला सुमारे २४८० रुंद आणि ३५०८ उंच. तुमचा मूळ फोटो यात आरामात बसतो, वर कडा कापायलाही थोडी जागा उरते.

आता ग्रुपवर टाकलेली प्रत घ्या. साध्या दर्जात व्हॉट्सॲप फोटोची लांब बाजू १६०० पिक्सलच्या आसपास आणून ठेवतं. म्हणजे उरले १२०० बाय १६००. तीनशेच्या हिशेबाने हा फोटो चार इंच रुंद आणि सव्वापाच इंच उंच, पोस्टकार्डाएवढा. तोच ताणून ए-फोर पानभर केला की दर इंचाला जेमतेम १४० पिक्सल हाताशी राहतात. छापखानावाल्याने तो पडद्यावर पानाच्या मापाला बसवला, भुवईच्या कडेला पायऱ्या दिसल्या, आणि त्याने तुम्हाला ‘फुटतोय’ कळवलं. फोनच्या पाच-सहा इंची पडद्याला एवढे पिक्सलही पुरतात, म्हणून मंडळातल्या कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

पण नुसते पिक्सल कमी होऊन भागत नाही. फाइल हलकी करण्यासाठी जेपीईजीचा, म्हणजे फोटो साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा, दाबही वाढवला जातो. चार-पाच एमबीचा फोटो बघता बघता दोन-तीनशे केबीवर येतो. जेपीईजी फोटोचे आठ बाय आठ पिक्सलचे चौकोनी तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक तपशील, जो डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा तिचा अंदाज असतो, तो फेकून देते. दुपारी समुद्रकिनाऱ्यावर काढलेला फोटो हे बऱ्यापैकी सोसतो. दशावताराचा फोटो सोसत नाही. रात्र, एकदोन दिवे, मागे देवळाच्या आवाराचा काळोख. अशा फोटोत अंधाराच्या भागात आधीच कॅमेऱ्याची बारीक रवाळ खर असते, आणि दाब वाढला की ती खर जाऊन तिथे काळ्या-करड्या चौकटी उमटतात.

लाल रंगाचंही तसंच. जेपीईजीत उजेड-अंधाराची माहिती पूर्ण बारकाईने ठेवतात, पण रंगाची माहिती बहुतेक वेळा आडवी-उभी निम्मीच. मूळ फोटोत ही निम्मीसुद्धा १५०० बाय २००० असते, म्हणून खटकत नाही. व्हॉट्सॲपच्या प्रतीत तीच ६०० बाय ८०० वर येते. मग राजाच्या लाल शेल्याचा रंग कडेबाहेर ओघळल्यासारखा दिसतो, ओठांची रेघ गालात मिसळते. दशावतारात लाल, काळा आणि तोंडावरचा उजळ रंग यांचाच खेळ. म्हणजे नेमका जिथे फटका जास्त, तिथेच तुमचा फोटो.

मी स्वतः यात एकदा पुरता फसलो आहे. वीसेक वर्षं पुस्तिका आणि पत्रिका लावायची कामं केली, तरी. एका देवस्थानाच्या पुस्तिकेसाठी आड-दशावतारातल्या संकासुराचा फोटो माझ्याकडे तीन हातांतून फिरून आला होता. वेळ कमी होता, पडद्यावर बरा दिसला, लावून टाकला. छापून आल्यावर काळ्या अंगरख्याचा संकासुर आणि मागचा काळोख यांत फरकच उरला नाही. अंगरख्याच्या चुण्यांच्या जागी डांबरी रस्त्याचे ठिगळ दिसत होते. मूळ फोटो काढणाऱ्याकडे शेवटपर्यंत शाबूत होता. मी मागितला नव्हता.

एचडीचं काय, तर त्यात पिक्सल बरेच जास्त जातात हे खरं. पण एचडी म्हणजे मूळ नव्हे. तिथेही व्हॉट्सॲप फोटो नव्याने बांधतं आणि दाबतं, फक्त कमी दाबतं. आतल्या पानावर तीन इंचाचा फोटो असेल तर एचडी खपून जाईल. पूर्ण पानाच्या मुखपृष्ठाला, त्यातही रात्रीच्या फोटोला, मी घेणार नाही. आणखी एक, ग्रुपमधल्या कुणी तो फोटो उतरवून पुढे साध्या दर्जात पाठवला की एचडीचा फायदा तिथेच संपला. तुमच्या छापखानावाल्यापर्यंत काय पोचलं ते त्याच्याकडच्या फाइलचं माप बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

तुम्हाला फक्त मुखपृष्ठाचा एकच फोटो द्यायचा असता तर ड्राइव्हच्या भानगडीत पडूच नका म्हटलं असतं. व्हॉट्सॲपवर पिनेचं चिन्ह दाबून Document निवडायचं आणि तिथून फोटोची फाइल जोडायची. तशी पाठवली तर ती जशीच्या तशी जाते, नावासकट. पण तुमचे पंचवीस फोटो आहेत आणि मध्ये सेक्रेटरी आहेत. ते प्रेमाने एकेक फाइल उघडून, गॅलरीत घालून, पुन्हा फोटो म्हणून पुढे पाठवतील. लिंकचा खरा उपयोग इथे आहे. लिंक ही नुसती अक्षरं असतात. ती दहा जणांनी पुढे ढकलली तरी झिजत नाही, फोटो मात्र असा नव्याने पाठवला की झिजतो.

तर आधी मूळ फाइल शोधून काढा. ही पायरी लोक गाळतात आणि दाबलेली प्रतच ड्राइव्हवर चढवतात. ड्राइव्ह दिलेलं जसंच्या तसं ठेवतं, खराब झालेलं दुरुस्त करत नाही. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमधून आलेल्या फोटोचं नाव असं असतं:

```
IMG-20250112-WA0007.jpg
```

नावात WA दिसलं की ती बाजूला ठेवायची. कॅमेऱ्याच्या फाइलच्या नावात सहसा तारीख आणि वेळ असते, WA नसतं. गॅलरीत फोटो उघडून वर सरकवा किंवा तपशील बघा: पिक्सलचं माप आणि एमबी दोन्ही दिसतात. मुखपृष्ठाच्या फोटोचे हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत. समजा ३००० बाय ४०००, ४.६ एमबी.

गूगल फोटोजवर बॅकअप चालू असेल तर एक गोष्ट तपासा. तिथे Original quality आणि Storage saver असे दोन दर्जे असतात, आणि दुसऱ्यात फोटो दाबून ठेवला जातो. तुम्ही फोनमधली जागा मोकळी करायला फोटो फोनवरून काढून टाकले असतील आणि दर्जा Storage saver असेल, तर मूळ फाइल गेली म्हणून समजा. उरली ती प्रत व्हॉट्सॲपच्या प्रतीपेक्षा कितीतरी बरी असते, ती चालेल. फोटो अजून फोनवरच असेल तर प्रश्नच नाही, फोनमधलाच चढवा.

आता ड्राइव्ह. ॲप उघडून अधिकच्या खुणेवरून नवा फोल्डर करा, नाव साधं द्या. त्या फोल्डरच्या आत जाऊन पुन्हा अधिक, मग Upload, आणि फोटो निवडा. एकेका फोटोची लिंक करत बसू नका. फोल्डरची एकच लिंक केली की आतल्या सगळ्यांना तोच नियम लागतो, उद्या सव्वीसावा फोटो टाकलात तर तोही आपोआप त्यात.

रेंजचा हिशेब आधीच करू म्हणजे सड्यावर हेलपाटे पडणार नाहीत. पंचवीस फोटो, प्रत्येकी साडेचार एमबी, म्हणजे ११२ एमबीच्या आसपास. सड्यावर फाइल चढवण्याचा वेग एक एमबीपीएस, म्हणजे एका एमबीला आठ सेकंद, एवढा जरी मिळाला तरी पंधरा मिनिटांचं काम. अर्धाच मिळाला तर अर्धा तास, एखाद्या कातळावर बसून होतो. पण जत्रेच्या रात्रीचे सगळेच चारशे फोटो ‘असू देत’ म्हणून टाकायला गेलात तर तेच १८०० एमबी होतात आणि चार तास लागतात. तेव्हा निवड घरी करा, चढवायला सड्यावर जा.

सड्यावर बसूनही आकडा हललाच नाही, तर ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये बघा. तिथे Transfer files only over Wi-Fi असा पर्याय असतो. तो चालू असेल तर मोबाइल डेटावर काहीही चढत नाही. फोटो नुसते वायफायची वाट बघत रांगेत उभे राहतात, आणि आपण रेंजला शिव्या देतो. तो तेवढ्यापुरता बंद करा. दुसरं कारण म्हणजे जागा संपलेली असणं. गूगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल, फोटोज आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून असतात. फोटोजने ते आधीच खाल्ले असतील तर ११२ एमबीलाही जागा मिळत नाही. सगळं झाल्यावर फोल्डरमधले फोटो मोजा. पंचविसाच्या जागी अठरा निघाले असं पुष्कळदा होतं.

सेक्रेटरींना परवानगी मागत होतं त्याचं कारण साधं आहे. ड्राइव्हवर टाकलेली कुठलीही गोष्ट मुळात फक्त तुमची असते. तुम्ही लिंक कॉपी केलीत, पण दार बंदच होतं. फोल्डरच्या तीन टिंबांवर जा, Share किंवा Manage access उघडा. General access खाली Restricted असं दिसेल. त्याच्या जागी Anyone with the link करा आणि पुढचा अधिकार Viewer ठेवा. Editor देऊ नका. ती लिंक ग्रुपवर गेली तर कुणाचा तरी नातू खेळता खेळता फोल्डर रिकामा करील. Viewer असलेल्या माणसाला बघता येतं आणि उतरवता येतं, छापखान्याला तेवढंच हवं.

लिंक पाठवण्याआधी स्वतः परकं होऊन बघा. क्रोममध्ये Incognito टॅब उघडून लिंक चिकटवा. तिथे तुमचं गूगल खातं नसतं, त्यामुळे जे सेक्रेटरींना दिसणार तेच तुम्हाला दिसतं. फोटो दिसले तर दार उघडं आहे. साइन-इन मागितलं तर वरची पायरी राहिली.

मग ही लिंक थेट छापखानावाल्याला पाठवा. सेक्रेटरींचा मान राखायला त्यांनाही द्या, पण फोटो पुढे देण्याचं काम त्यांच्याकडे नको. छापखानावाल्याला एकच सांगायचं: लिंक संगणकावर उघडून Download कर. हे मुद्दाम सांगतोय, कारण ड्राइव्हमध्ये फोटोवर टिचकी मारल्यावर जो मोठा दिसतो तो झलक म्हणून केलेला हलका फोटो असतो. घाईच्या दिवसांत कुणी त्याचाच स्क्रीनशॉट काढून पानावर लावतं, आणि मग ‘ड्राइव्हवरचापण फुटता’ म्हणून फोन येतो. पूर्ण फोल्डर उतरवला की तो झिप होऊन येतो, तो सोडवून आतल्या फाइली वापरायच्या.

त्याने उतरवल्यावर त्याला फोन लावा आणि तुमचा कागद समोर घ्या. विंडोजवर फाइलवर उजवी टिचकी, Properties, Details, तिथे Dimensions दिसतं. त्याने ३००० बाय ४००० वाचून दाखवलं आणि आकार ४.६ एमबीच्या आसपास निघाला तर तुमच्या खिशातली फाइल त्याच्या टेबलावर पोचली. १२०० बाय १६०० म्हणाला तर तो चुकून जुनीच फाइल उघडून बसलाय. माप बरोबर पण एमबी भलतेच कमी असतील तर मधे कुठेतरी दाब बसलाय. आणि मोठं माप ऐकूनही सावध राहायचा एक प्रसंग आहे: कुणी १२०० चा फोटो फोटोशॉपमध्ये ताणून ३००० केला असेल तर आकडा बरोबर निघतो, भुवई मात्र पुसटच राहते.

असाच चकवा कॅमेऱ्यातही असतो, म्हणून विचारतो: राजाचा फोटो मंडपाच्या मागून झूम करून काढला होता का? फोनच्या खऱ्या झूम लेन्सच्या पलीकडे गेलात तर फोन मधला तुकडा कापतो आणि फुगवून पुन्हा १२ मेगापिक्सल करतो. मूळ फाइल असूनही त्यात तपशील नसतो. तुम्हाला भुवईची रेघ दिसते म्हणता, त्यावरून वाटतं की तुम्ही रंगमंचाजवळ होतात. तरी फोटो पूर्ण मोठा करून भुवई आणि मुकुटाची कड एकदा नीट बघा. रेघ तैलचित्रासारखी फासलेली दिसली तर तो फोटो आत अर्ध्या पानावर घ्या आणि मुखपृष्ठाला जवळून काढलेला दुसरा निवडा.

मुंबईहून आलेल्या कुणाच्या आयफोनमधले फोटो तुम्ही गोळा करणार असाल तर त्यांच्या फाइलींच्या शेवटी .HEIC असू शकतं. दर्जाला काही बाधा नाही, पण काही छापखान्यांच्या संगणकांवर ते उघडत नाहीत. छापखानावाल्याला आधी विचारा, नसतील उघडत तर जेपीईजीत बदलून मागा.

लिंक उघडी ठेवण्यात एक जोखीम आहे. ती ज्याच्या हाती लागेल त्याला सगळे फोटो दिसतात, आणि मूळ फाइलमध्ये फोटो कधी आणि कधी कधी कुठे काढला तेही नोंदलेलं असतं. जत्रेच्या फोटोत लपवायचं काही नसेल, पण रंगपटात तयार होणाऱ्या नटांचे फोटो त्या फोल्डरात असतील तर ते वेगळे ठेवा. मुखपृष्ठावर घेताय तर राजपार्टी करणाऱ्या कलावंतालाही एकदा विचारा. स्मरणिका छापून हातात आली की त्याच जागी जाऊन Anyone with the link चं पुन्हा Restricted करा. ग्रुपवर फिरलेल्या साऱ्या लिंका त्या क्षणी बंद होतात. फोल्डर मात्र छपाई होईपर्यंत पुसू नका. पुसलात तर छापखान्याकडची लिंकही मरते, आणि कचरापेटीतून परत काढायला तुमच्याकडे ३० दिवसच असतात.

छापण्याआधी छापखानावाला पानांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवील. ती बहुधा त्याने मुद्दाम हलकी केलेली असते, तेव्हा तिच्यात फोटो मऊ दिसला म्हणून घाबरू नका आणि कडक दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नका. तीत नावं आणि शुद्धलेखन तपासा. फोटोसाठी मुखपृष्ठाची एक रंगीत प्रिंट पूर्ण मापात काढायला सांगा आणि मंडळातल्या कुणाला तरी ती हातात घेऊन लाल शेल्याची कड बघू दे. ती काळोखापासून स्वच्छ सुटी दिसली की छापायला सांगा.